ड्राइव्ह-इन, पुश-बॅक की फ्लो? लेनची खोली बॅचशी जुळवून रॅक कसा निवडावा

रॅकच्या माहितीपत्रकात प्रत्येक प्रकारापुढे एक शिक्का असतो. ड्राइव्ह-इन म्हणजे लिफो, शेवटी आलेला माल आधी बाहेर. फ्लो रॅक म्हणजे फिफो, आधी आलेला आधी बाहेर. सिलेक्टिव्ह म्हणजे हवं तसं. हे शिक्के चुकीचे नाहीत, पण निवड त्यांच्यावर सोडली की घोळ होतो. लिफो रॅकमधूनही माल तारखेच्या क्रमाने नीट बाहेर काढता येतो आणि फिफो रॅकमध्येही जुना माल महिनोन् महिने पडून राहू शकतो. खरा प्रश्न वेगळा आहे: या रॅकमध्ये किती पॅलेट एकमेकांत अडकलेले असतात? म्हणजे एक विशिष्ट पॅलेट काढायचा तर त्याच्यासकट जास्तीत जास्त किती हलवावे लागतील? या अडकलेल्या पॅलेटच्या संचाला आपण इथे ‘गठ्ठा’ म्हणू. गठ्ठ्याचा आकार आणि तुमच्या बॅचचा आकार जुळले तर मालाची फिरत आपोआप नीट राहते. नाही जुळले तर कितीही फलक लावा, जुना माल मागे राहतोच.

पहिली पायरी: प्रत्येक मालाचे तीन आकडे

रॅक बघायला जाण्याआधी प्रत्येक मालासाठी तीनच आकडे लिहून काढा. एका तारखेचे किती पॅलेट एकत्र येतात, रोज किती पॅलेट बाहेर जातात, आणि गोदामात जास्तीत जास्त किती दिवस राहिलेले चालतात.

तिसरा आकडा म्हणजे एक्सपायरीपर्यंतचे दिवस नव्हेत. समजा, फळांच्या रसाच्या डब्यांचं आयुष्य 180 दिवस आहे आणि घेणाऱ्याची अट आहे की माल पोचताना दोन-तृतीयांश आयुष्य शिल्लक हवं. मग तुमच्या हातात जेमतेम 60 दिवस उरतात. 61 व्या दिवशी माल उत्तम असतो, पण तो ग्राहक तो घेत नाही. गोदामासाठी तो त्याच दिवशी डेड स्टॉक होतो.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी चार माल धरू. ‘क’ची बॅच 120 पॅलेटची, दर तीन दिवसांनी येते, रोज 40 जातात. ‘ख’ची बॅच 30 पॅलेटची, दर पाच दिवसांनी येते, रोज 6 जातात. ‘ग’ची बॅच 8 ची, रोज एक पॅलेट जातो. या तिन्हींना 60 दिवसांची मर्यादा. ‘घ’ मात्र कमी टिकणारा माल आहे: रोज 20 पॅलेट येतात, रोज वेगळी तारीख, रोज 20 च जातात, आणि हातात फक्त 10 दिवस.

दुसरी पायरी: रॅकचा गठ्ठा मोजा

सिलेक्टिव्ह रॅकमध्ये प्रत्येक पॅलेटसमोर फोर्कलिफ्टचा रस्ता असतो, त्यामुळे गठ्ठा एकाचा. डबल-डीप म्हणजे दोन पॅलेट एकामागे एक, गठ्ठा दोनाचा, आणि मागचा उचलायला लांब पोचणाऱ्या फोर्कचा ट्रक लागतो.

पुश-बॅकमध्ये प्रत्येक मजल्यावर समोरच्या बाजूला किंचित उतार असलेले रूळ असतात आणि त्यांवर एकात एक बसणारे गाडे. नवा पॅलेट ठेवताना आधीचा मागे ढकलला जातो, समोरचा काढला की मागचा आपोआप पुढे येतो. खोली साधारण 2 ते 6 पॅलेट. इथे प्रत्येक मजला स्वतंत्र लेन, म्हणजे एकामागे एक पॅलेटची वेगळी रांग असतो. खालच्या मजल्यावर काय आहे याचा वरच्याशी काही संबंध नाही. म्हणून 5 खोलीचा गठ्ठा 5 चाच.

ड्राइव्ह-इनमध्ये मात्र हे गणित बदलतं, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. या रॅकला आडवे बीम नसतात. दोन्ही बाजूंच्या उभ्या खांबांना रेल लावलेल्या असतात आणि पॅलेट फक्त कडांवर त्या रेलवर टेकतो. फोर्कलिफ्ट स्वतः लेनच्या आत शिरतो. वरच्या मजल्यावर ठेवायचं असेल तर पॅलेट बाहेरच त्या उंचीवर उचलून, मास्ट म्हणजे फोर्क वर नेणारा उभा खांब वर असतानाच आत जावं लागतं, कारण पॅलेट दोन रेलमधल्या फटीपेक्षा रुंद असतो आणि आत गेल्यावर खालून वर काढता येत नाही. आता विचार करा: मधल्या जागेत कुठल्याही एका मजल्यावर पॅलेट असेल तर मास्टला पुढे जायला वाट उरत नाही. म्हणजे 6 खोल आणि 4 उंच लेनमध्ये सहा-सहा पॅलेटच्या चार लेन नसतात, 24 पॅलेटची एकच लेन असते. ती मागून पुढे भरत येते, चार-चार पॅलेटचा उभा काप करत. माहितीपत्रकात ‘6 डीप’ वाचून सहाचा गठ्ठा धरला की सगळा हिशेब चौपट चुकतो.

ड्राइव्ह-थ्रू हा त्याचाच भाऊ, दोन्ही टोकं उघडी. एका बाजूने भरा, दुसऱ्या बाजूने काढा, म्हणून फिफो, असं सांगितलं जातं. पण इथे पॅलेट स्वतः पुढे सरकत नाहीत. बाहेरच्या टोकाचे काढले की तिथे रिकामी जागा पडते आणि भरण्याच्या टोकाकडून त्या जागेपर्यंत पोचता येत नाही, कारण मध्ये उरलेला माल उभा असतो. म्हणजे लेन पूर्ण रिकामी होईपर्यंत ती पुन्हा नीट भरता येत नाही. मागच्या बाजूचा आधार द्यायला जागा नसल्याने सांगाडाही जास्त मजबूत करावा लागतो. दोन्ही बाजूंना रस्ता सोडावा लागतो तो वेगळाच.

फ्लो रॅकमध्ये पॅलेट खरोखर पुढे येतात. रोलरच्या लेनला 3 ते 4 टक्के उतार असतो, मध्ये वेग आवरणारे ब्रेक रोलर आणि बाहेरच्या टोकाला थांबा. प्रत्येक मजला स्वतंत्र लेन. आत जाण्याचा क्रम आणि बाहेर येण्याचा क्रम एकच.

शटल रॅकमध्ये हेच काम बॅटरीवरचा एक गाडा करतो, जो पॅलेटखालून धावतो. प्रत्येक मजला स्वतंत्र. दोन्ही टोकं उघडी ठेवली तर गाडा माल पुढे सरकवून फिफो देतो, एकच टोक ठेवलं तर लिफो. लेन खूप खोल करता येते, हा त्याचा गुण, आणि गठ्ठा मोठा होण्याचा धोकाही त्यातच आहे.

तिसरी पायरी: गठ्ठा आणि बॅच समोरासमोर ठेवा

दोन कसोट्या लावायच्या. पहिली, बॅच गठ्ठ्याच्या पटीत बसते का? दुसरी, एक लेन किती दिवसांत रिकामी होते?

```
लेन रिकामी होण्याचे दिवस = लेनमधले पॅलेट ÷ रोजची जावक
```

‘क’ घ्या. 120 भागिले 24, बरोबर 5 लेन. रोज 40 जात असल्याने एक लेन पाऊण दिवसाच्या आतच मोकळी होते. लेनमधले सगळे पॅलेट एकाच तारखेचे असल्यामुळे आतला कुठला आधी निघाला याने काही बिघडत नाही. लेन ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने रिकाम्या केल्या की झालं. म्हणजे लिफो रॅकमधून चोख फिफो. इथे महागडा फ्लो रॅक घ्यायचं काही कारण मला दिसत नाही. ‘वेगाने जाणाऱ्या मालाला फ्लो’ हा सरधोपट नियम अशा मोठ्या बॅचच्या मालाला लागू पडत नाही.

‘ग’चा निर्णय एका ओळीचा आहे. 8 पॅलेट 24 जागांच्या लेनमध्ये टाकले आणि रोज एक काढला, तर सरासरी साडेचार पॅलेटसाठी 24 जागा अडतात, म्हणजे पाचव्या हिश्शाहून कमी वापर. हा माल सिलेक्टिव्हमध्येच ठेवायचा.

‘ख’: खरी परीक्षा इथे आहे

मधल्या गतीच्या मालातच जुना स्टॉक गाडला जातो, म्हणून हे उदाहरण सावकाश बघू.

समजा, ‘ख’ ड्राइव्ह-इनमध्ये ठेवला. नवी बॅच येते तेव्हा लेन दोनच्या तळाशी मागच्या बॅचचे 6 पॅलेट शिल्लक आहेत: सर्वांत मागचा चारचा काप आणि त्याच्या पुढे दोन. लेनमध्ये 18 जागा मोकळ्या दिसतात. 30 चा नवा माल दारात उभा आहे. ऑपरेटर 18 पॅलेट लेन दोनमध्ये ठेवतो आणि उरलेले 12 लेन तीनमध्ये. त्याच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचं काम आहे, जागा वाया गेली नाही.

आता पाच दिवस रोज 6 जातात, म्हणजे 30. लेन दोनच्या समोरचे 18 आणि लेन तीनचे 12. बरोबर 30 झाले आणि पुढची बॅच आली. उरलं काय? तेच तळाचे 6 पॅलेट. त्यांच्यापुढे पुन्हा 18 लागतात, लेन तीनमध्ये पुन्हा 12. हे चक्र बारा वेळा फिरलं की 60 दिवस झाले आणि ते 6 पॅलेट अजून तिथेच आहेत.

यात सगळ्यांत वाईट भाग असा की कागदावर काहीच चुकलेलं दिसत नाही. आवक 30, जावक 30, शिल्लक कायम 6. नोंदवही जुळते, मोजणी जुळते, सरासरी फिरत उत्तम येते. फक्त ते 6 पॅलेट दर वेळी तेच आहेत, हे एकूण आकड्यांत कुठेच दिसत नाही. लेबल पुढच्या पॅलेटमागे लपलेलं, आणि लेनची मागची बाजू भिंतीला असेल तर पलीकडूनही वाचता येत नाही.

‘मग जुने बाहेर काढून नव्यांच्या पुढे ठेवा,’ असं ऑफिसातून सहज सांगितलं जातं. पुढे 18 उभे असताना ते करायचं तर 18 काढा, मागचे काढा, 18 परत ठेवा. एका फेरीला 3 मिनिटं धरली तरी नुसत्या त्या 18 च्या ये-जा करण्यात 108 मिनिटं गेली. तीही अरुंद लेनमध्ये, मास्ट वर ठेवून, दोन्ही बाजूंना खांब अगदी जवळ. डिस्पॅचच्या गाड्या उभ्या असताना हे कुणी करत नाही आणि त्याबद्दल ऑपरेटरला दोष देणं अन्यायाचं आहे. दोष लेनच्या आकाराचा आहे.

ड्राइव्ह-इन ठेवायचाच असेल तर एकच नियम चालतो: लेन पूर्ण रिकामी झाल्याशिवाय तिच्यात दुसरी तारीख जाणार नाही. मग ‘ख’चे जुने 6 एका लेनमध्ये एकटे राहतील आणि नवी बॅच 24 अधिक 6 अशी आणखी दोन लेन घेईल. 36 पॅलेटसाठी 72 जागा अडल्या. फिरत सुधारली, पण ज्या दाटीसाठी हा रॅक घेतला तीच निम्मी झाली.

5 खोलीच्या पुश-बॅकमध्ये तोच माल ठेवून बघा. 30 ची बॅच 6 लेनमध्ये अचूक बसते. जुन्या 6 ला दोन लेन लागतात, एक भरलेली आणि एकीत एकटा पॅलेट. एकूण 8 लेन, 40 जागा, तारखांची सरमिसळ नाही. ‘ख’साठी मी हाच निवडेन. बॅचचं वेळापत्रक बदलणं तुमच्या हातात असेल तर आणखी एक वाट आहे: 30 ऐवजी दर चार दिवसांनी 24 ची बॅच घ्या, म्हणजे ड्राइव्ह-इनची लेनही बरोबर भरते. मात्र शिल्लक राहणारा साठा तेव्हाही सिलेक्टिव्हमध्ये काढून ठेवावा लागेल. रॅक विकत घेण्याआधी उत्पादन किंवा खरेदी विभागाशी ही चर्चा जरूर करा. लोखंडापेक्षा वेळापत्रक बदलणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

दाटीचा फायदा खरा किती

माहितीपत्रकातली दाटी लेन भरलेली धरून असते. साधा हिशेब करा. सिलेक्टिव्हमध्ये पाठीला पाठ लावलेले दोन पॅलेट, प्रत्येकी 1.2 मीटर खोल, मध्ये 0.2 मीटर फट आणि समोर 3 मीटरचा रस्ता: 5.6 मीटरमध्ये माल 2.4 मीटर, म्हणजे 43 टक्के. रस्त्याच्या एकाच बाजूला असलेल्या 6 खोल ड्राइव्ह-इनमध्ये 7.2 मीटर माल आणि 3 मीटर रस्ता, म्हणजे सुमारे 70 टक्के. कागदावर फरक मोठा आहे.

पण सिलेक्टिव्ह 90 टक्के भरून चालवता येतो, तेव्हा प्रत्यक्ष वापर 39 टक्क्यांच्या आसपास राहतो. ‘ख’सारख्या मालाने ड्राइव्ह-इन निम्माच भरला तर 70 चे 35 उरतात. म्हणजे जास्त पैसे घालून, माल गाडून घेऊन, वर जागाही सिलेक्टिव्हपेक्षा कमीच मिळाली. तोच रॅक ‘क’ने 85 टक्के भरला तर वापर 60 टक्क्यांवर जातो. म्हणून विक्रेत्याने दाखवलेल्या क्षमतेला आपल्या भरण्याच्या प्रमाणाने गुणल्याशिवाय तुलना करू नका.

‘घ’ आणि फ्लो रॅक: आतला क्रम पक्का, लेनचा क्रम तुमचा

‘घ’ रोज नव्या तारखेचा, 20 पॅलेटचा. 24 च्या लेनमध्ये दोन तारखा मिसळणार हे ठरलेलंच. इथे फ्लो रॅक आपली किंमत वसूल करतो. 10 खोल लेन घेतली तर एका दिवसाच्या दोन लेन, चार दिवसांच्या साठ्याला आठ. भरणारा ट्रक एका बाजूला आणि काढणारा दुसऱ्या बाजूला, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

तरीही फ्लो रॅकमध्ये माल जुना होतो. कारण फिफो एका लेनच्या आत असतो, आठ लेनमध्ये नसतो. भरणारा दारापासून जवळची लेन भरतो, काढणाराही आपल्याला सोयीची लेन काढतो. पहिल्या दोन-तीन लेन धावत राहतात आणि टोकाची आठवी भरलेली तशीच उभी राहते. त्या लेनच्या आत क्रम अगदी बरोबर आहे, पण तिला कुणी हातच लावत नाही. म्हणून प्रत्येक लेनच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावा आणि भरण्याचा तसाच काढण्याचाही क्रम लेनच्या क्रमाने सक्तीचा करा. संगणक प्रणाली असेल तर ती लेन सुचवेल. नसेल तर बाहेरच्या टोकाला तारखेची पाटी अडकवली तरी काम होतं, फक्त ती लेनमधल्या पहिल्या पॅलेटची तारीख असली पाहिजे.

दुसरी अडचण परत आलेल्या मालाची. ट्रकमधून परत आलेला किंवा अर्धा काढून उरलेला पॅलेट भरण्याच्या टोकाने आत टाकला की तो आपल्याहून ताज्या मालाच्या मागे जाऊन उभा राहतो. फ्लो रॅकला आत येण्याचा क्रम कळतो, छापलेली तारीख कळत नाही. एक्सपायरीप्रमाणे माल काढायचा असेल, ज्याला फेफो म्हणतात, तर अशा पॅलेटसाठी बाजूला थोड्या सिलेक्टिव्ह जागा राखून ठेवा आणि डिस्पॅचने रोज आधी तिथे बघावं.

तिसरी अडचण पॅलेटचीच. खालच्या फळ्या उताराच्या दिशेने लांबट असाव्यात. एखादी फळी तुटून लोंबत असेल, खिळा बाहेर आला असेल तर तो पॅलेट रोलरवर अडतो आणि मागचे सगळेच थांबतात. ओळखायची खूण सोपी आहे: पुढचा पॅलेट काढल्यावर पुढचं टोक रिकामं राहतं, पण भरण्याच्या बाजूने लेन भरलेली दिसते. अशा लेनमध्ये कुणीही चढून पॅलेट मोकळा करायला जायचं नाही. अडकलेला पॅलेट सुटला की वजन एकदम खाली येतं. लेन बंद करून प्रशिक्षित देखभाल माणसालाच बोलवा. त्याहून बरं म्हणजे भरण्याच्या टोकाशीच पॅलेटची खालची बाजू तपासायची आणि खराब असेल तर माल चांगल्या पॅलेटवर घ्यायचा. फार हलके पॅलेट उतरतच नाहीत आणि फार जड वेगाने येतात, म्हणून ऑर्डर देताना सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड पॅलेटचं वजन विक्रेत्याला लेखी द्या आणि दोन्ही टोकांच्या वजनाची चाचणी आपल्यासमोर करून घ्या.

चालू गोदामात काय तपासायचं

रॅक बदलणं लगेच शक्य नसेल तरी जुना माल कुठे गाडला जातोय हे शोधता येतं. एकूण शिल्लक बघू नका. प्रत्येक लेनसाठी दोनच गोष्टी काढा: लेनमध्ये किती वेगळ्या तारखा आहेत, आणि त्यातली सर्वांत जुनी कोणती. ड्राइव्ह-इन किंवा पुश-बॅकच्या लेनमध्ये एकाहून जास्त तारखा दिसल्या की ती लेन लाल. सर्वांत जुन्या पॅलेटचं वय मर्यादेच्या निम्म्यावर, म्हणजे आपल्या उदाहरणात 30 दिवसांवर गेलं की त्या लेनमध्ये नवा माल घालणं बंद, फक्त काढणं चालू. ती आपोआप रिकामी होते, उपसून परत भरण्याची ती 108 मिनिटं लागत नाहीत.

हे पत्रक आठवड्यातून एकदा काढलं तरी पुरतं, पण ते तारखेनिशी नोंद असेल तरच निघतं. ठेवताना लेन आणि तारीख दोन्ही स्कॅन होत नसतील, किंवा वहीत फक्त मालाचं नाव आणि संख्या लिहिली जात असेल, तर आधी ती नोंद सुरू करा. मग तीन-चार आठवड्यांच्या आकड्यांवरून कुठला माल ‘क’सारखा वागतो आणि कुठला ‘ख’सारखा, हे वेगळं काढून त्याप्रमाणे लेन वाटून द्या: मोठ्या बॅचचा माल खोल लेनमध्ये, मधला उथळ लेनमध्ये, रोजच्या तारखेचा फ्लोमध्ये. तुकड्यांचा, परतीचा आणि बॅचच्या शेवटच्या शिल्लक पॅलेटचा माल सिलेक्टिव्हमध्ये.